व्हीपीएफ वाढवला तर हातात किती कमी येईल आणि कर किती वाचेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगारपत्रकं करणाऱ्या माणसाकडे दर एप्रिलमध्ये हे प्रश्न येतात, आणि जानेवारीत, गुंतवणुकीचे पुरावे मागितले की पुन्हा येतात. खालचे सगळे हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या करदरांनी केले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि त्यात जुन्या कलम ८०सीची वजावट कलम १२३ मध्ये गेली. पण बोलताना सगळे अजून ८०सीच म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.

व्हीपीएफ म्हणजे वेगळं खातं असतं का?

नाही. तुमच्या बेसिक आणि डीएच्या १२ टक्के रक्कम पीएफ म्हणून कापली जातेच. त्याहून जास्त कापा, असं तुम्ही स्वतः लिहून दिलं की ती वरची रक्कम म्हणजे व्हीपीएफ. ती त्याच यूएएनखाली, त्याच खात्यात, तुमच्या हिश्शात जमा होते आणि तिला व्याजही तेच मिळतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ते ८.२५ टक्के होतं. बेसिक आणि डीए मिळून जेवढे होतात तेवढ्यापर्यंत, म्हणजे अगदी १०० टक्क्यांपर्यंत, कापायला सांगता येतं.

मी जास्त भरले तर कंपनीही जास्त भरेल का?

कंपनीवर तसं बंधन नाही. तिचे १२ टक्के तेवढेच राहतात. पेन्शनमध्येही काही फरक पडत नाही, कारण पेन्शन योजनेत जाणारी रक्कम कंपनीच्या हिश्शातून जाते, तुमच्या नाही. "व्हीपीएफ वाढवला की पेन्शन वाढेल" हे कँटीनमध्ये बऱ्याचदा ऐकू येतं, ते खरं नाही.

एक रुपया जास्त भरला तर हातात नेमका किती कमी येतो?

हे तुम्ही कोणत्या करप्रणालीत आहात त्यावर ठरतं.

नव्या करप्रणालीत उत्तर सरळ आहे: एक रुपया भरला की हातातला एक रुपया कमी. करपात्र पगार तसाच राहतो, कारण तिथे ८०सीची वजावट नाही. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती सांगून घ्यावी लागते. तेव्हा तुम्ही काहीच कळवलं नसेल तर हेच उत्तर तुमचं.

जुन्या करप्रणालीत तोच रुपया दोन प्रकारे वागतो. ८०सीची दीड लाखाची मर्यादा भरेपर्यंत त्यातला काही भाग करात परत येतो. तुमचा वरचा दर २० टक्के असेल तर ४ टक्के सेस धरून २०.८ पैसे वाचतात, म्हणजे पीएफमध्ये रुपया जातो आणि हातातले ७९.२ पैसे कमी होतात. दर ३० टक्के असेल तर ३१.२ पैसे वाचतात आणि हातातले ६८.८ पैसे कमी होतात. दीड लाख भरले की त्यापुढचा रुपया नव्या प्रणालीसारखाच: रुपयाला रुपया.

इथे एक गफलत नेहमी होते. दीड लाखात फक्त व्हीपीएफ धरायचा नसतो. तुमचे ते सक्तीचे १२ टक्के, एलआयसीचा हप्ता, मुलांची ट्यूशन फी, गृहकर्जाच्या हप्त्यातली मुद्दल, पीपीएफ, सगळं त्यातच बसतं. व्हीपीएफसाठी उरतं ते यानंतरचं.

एक पूर्ण उदाहरण दाखवाल का?

समजा, चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारी मुलगी आहे. ग्रॉस पगार महिन्याला ९०,०००, त्यात बेसिक ४५,०००. लक्षात घ्या, हा सीटीसी नव्हे, ग्रॉस. कंपनीचा पीएफ यात धरलेला नाही. तिचा पीएफ महिन्याला ५,४०० कापला जातो, वर्षाला ६४,८००. एलआयसीचा हप्ता वर्षाला १३,२००. दोन्ही मिळून ७८,००० झाले, म्हणजे दीड लाखाला ७२,००० कमी. महिन्याला ६,००० व्हीपीएफ लावला की ८०सी काठोकाठ भरतं.

आधी जुनी प्रणाली पाहू. वर्षाचा ग्रॉस १०,८०,०००. ती भाड्याने राहते आणि घरभाड्यापोटी तिला १,८६,००० ची सूट बसते. प्रमाणित वजावट ५०,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५००. एवढं वजा केलं की ८,४१,५०० उरतात. व्हीपीएफ नसेल तर ८०सीचे ७८,००० वजा होऊन करपात्र उत्पन्न ७,६३,५००, आणि सेससह कर ६७,८०८. व्हीपीएफ लावला तर करपात्र उत्पन्न ६,९१,५०० आणि कर ५२,८३२. वर्षाला १४,९७६ रुपये वाचले, महिन्याला १,२४८. पगारपत्रकावर ६,००० कापलेले दिसतात, पण हातात येणारी रक्कम ७८,७४९ वरून ७३,९९७ वर येते. म्हणजे कमी झाले ४,७५२.

इथवर ऐकलं की माणसं खूश होतात आणि फॉर्म भरायला निघतात. पण जरा थांबा.

तीच मुलगी नव्या प्रणालीत गेली तर? ग्रॉस १०,८०,००० मधून प्रमाणित वजावट ७५,००० गेली की करपात्र उत्पन्न १०,०५,००० उरतं. घरभाडं नाही, एलआयसी नाही, काहीच धरलं नाही. तरीही १२ लाखांपर्यंत रिबेट असल्यामुळे कर शून्य. व्हीपीएफ न लावता हातात महिन्याला ८४,४०० येतात. (फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात, तो शंभराचा फरक मी सोडून दिला आहे.) तिथे ६,००० व्हीपीएफ लावला तर कर वाचत नाही, हातातले पूर्ण ६,००० कमी होतात आणि ७८,४०० उरतात.

आता हे ७८,४०० जुन्या प्रणालीत व्हीपीएफ न लावता हातात येणाऱ्या ७८,७४९ च्या शेजारी ठेवा. फक्त ३४९ रुपयांचा फरक आहे, आणि तेवढ्यात दरमहा ६,००० पीएफमध्ये जमा होत आहेत. जुन्या प्रणालीत राहून व्हीपीएफने वाचवलेले १४,९७६ रुपये म्हणजे आधी भरलेल्या अनावश्यक करातला एक तुकडा परत मिळवणं. "व्हीपीएफने कर किती वाचेल" हा प्रश्न म्हणूनच दुसरा. पहिला प्रश्न, कोणती प्रणाली.

मग जुन्या प्रणालीत व्हीपीएफ कोणाला परवडतो?

ज्यांच्या बाकीच्या वजावटी एवढ्या मोठ्या आहेत की जुनीच प्रणाली स्वस्त पडते त्यांना. अशी माणसं आता कमी उरली आहेत. ग्रॉस २५ लाख असेल तर जुनी प्रणाली फायद्याची व्हायला प्रमाणित वजावटीसकट सगळ्या वजावटी साडेआठ लाखांच्या पुढे जाव्या लागतात. मोठं घरभाडं किंवा गृहकर्जाचं व्याज असल्याशिवाय हा आकडा गाठला जात नाही.

आणि त्यातही एक गंमत आहे. एवढ्या पगाराच्या माणसाचं बेसिकही मोठं असतं. बेसिक महिन्याला साधारण १,०४,१६७ असेल आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल तर सक्तीचे १२ टक्केच वर्षाला दीड लाख होतात. ८०सी तिथेच संपलं. त्यानंतर लावलेल्या व्हीपीएफवर वजावट म्हणून एक पैसाही मिळत नाही. ज्याचा करदर ३० टक्के, त्याच्याकडे जागा नसते. ज्याच्याकडे जागा असते, त्याला बहुतेक वेळा नवी प्रणालीच स्वस्त पडते.

याला एक अपवाद मी बऱ्याचदा पाहतो: पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापणाऱ्या कंपन्या. तिथे पगार कितीही असो, कपात महिन्याला १,८००. अशांची ८०सीची जागा बरीच मोकळी असते.

नव्या प्रणालीत कर वाचतच नाही, तर व्हीपीएफ का लावायचा?

व्याजासाठी. भरताना सूट मिळत नसली तरी व्याज करमुक्त राहतं (अडीच लाखांच्या मर्यादेत, ते खाली येईल), आणि तो नियम नव्या प्रणालीतही आहे. वरचा दर ३० टक्के असलेल्या माणसाने ७ टक्क्यांच्या एफडीत पैसे ठेवले तर कर जाऊन ४.८ टक्क्यांच्या आसपास उरतात. व्हीपीएफचे ८.२५ टक्के पूर्ण मिळतात. हा फरक मोठा आहे.

पण आपल्या चिंचवडच्या मुलीला हा युक्तिवाद तेवढा लागू होत नाही. तिचं करपात्र उत्पन्न १०,०५,००० आहे. एफडीचं थोडं व्याज त्यात मिळवलं तरी ती १२ लाखांच्या आतच राहते, म्हणजे त्या व्याजावरही कर शून्य. तिच्यासाठी तुलना निव्वळ ८.२५ विरुद्ध ७ अशी आहे. सव्वा टक्क्यासाठी पैसे पीएफमध्ये अडकवायचे की मोडता येणाऱ्या एफडीत ठेवायचे, एवढाच प्रश्न उरतो. मला विचाराल तर हाताशी चार-सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम नसेल तर मी तिला आधी ती जमवायला सांगेन.

माझं उत्पन्न १२ लाख ७५ हजारांच्या जरा वर जातं. व्हीपीएफ वाढवून रिबेटमध्ये बसता येईल का?

नाही. नव्या प्रणालीत व्हीपीएफने करपात्र उत्पन्न एका रुपयानेही खाली येत नाही, मग ते १२ लाखांच्या आत येण्याचा प्रश्नच नाही. मर्यादेच्या किंचित वर असाल तर सीमांत सवलत मिळते, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढ्यापेक्षा जास्त कर लागत नाही (सेस वेगळा). ती सवलत आपोआप बसते. नव्या प्रणालीत पगारातून करपात्र रक्कम खरोखर कमी करायची असेल तर कंपनीमार्फत भरलेला एनपीएस हा मार्ग आहे, बेसिक आणि डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत. तो कंपनीने तुमच्या पगाराच्या रचनेत बसवावा लागतो.

अडीच लाखांची मर्यादा नेमकी कशावर आहे?

तुमच्या स्वतःच्या वर्षभराच्या भरण्यावर: सक्तीचे १२ टक्के अधिक व्हीपीएफ. कंपनीचा हिस्सा यात धरत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून असा नियम आहे की एका वर्षात तुम्ही अडीच लाखांपेक्षा जास्त भरलं तर वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र. जुनी-नवी दोन्ही प्रणालींत.

समजा बेसिक एक लाख आहे. पीएफ वर्षाला १,४४,०००. अडीच लाखांना १,०६,००० उरले, म्हणजे व्हीपीएफ महिन्याला ८,८३३ पर्यंत सुरक्षित. त्याने २०,००० लावले तर वर्षाचा भरणा ३,८४,००० होतो आणि १,३४,००० वर जातात. ही वरची रक्कम वेगळ्या, करपात्र कप्प्यात मोजली जाते. पुढच्या पूर्ण वर्षात तिच्यावर साधारण ११,०५५ रुपये व्याज येतं आणि वरचा दर ३० टक्के असेल तर त्यावर ३,४४९ रुपये कर. ८.२५ टक्क्यांचे प्रत्यक्षात ५.६८ टक्के उरले. दर २० टक्के असेल तर ६.५३ टक्के.

लोक इथे एक गोष्ट विसरतात. वरचे १,३४,००० त्या एकाच वर्षापुरते करपात्र नसतात. पैसे खात्यात आहेत तोवर त्यांच्यावरचं आणि त्यांच्या व्याजावरचं व्याज दरवर्षी करपात्रच राहतं, पुढच्या वर्षी तुम्ही व्हीपीएफ बंद केला तरी. शिवाय व्याज खात्यात अडकलेलं आणि कर मात्र आजच्या खिशातून. करपात्र व्याज वर्षाला ५,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. ते रिटर्नमध्ये "इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न" म्हणून दाखवायचं असतं. फॉर्म १६ मध्ये सापडलं नाही म्हणून सोडून देऊ नका. आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, पाहा.

टक्क्यांत लावू की ठरावीक रुपयांत?

कंपनी दोन्ही करू देत असेल तर मी रुपयांत लावायला सांगतो. टक्क्यांत लावलं की पगारवाढीबरोबर कपात आपोआप वाढते. बेसिक वाढल्यावर १२ टक्केही वाढतात आणि व्हीपीएफही, मग कधी अडीच लाख ओलांडले ते मार्चमध्येच कळतं. कागदावर पगारवाढ झाली पण हातात फारसं काही वाढलं नाही, या तक्रारीमागेही कधी कधी हेच असतं.

वर्षाच्या मध्ये बंद किंवा कमी करता येतो का?

हे कंपनीच्या धोरणावर आहे. बऱ्याच ठिकाणी एप्रिलमध्ये एकदाच बदल घेतात, काही ठिकाणी ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा. सुरू करण्यापूर्वी एचआरला हे विचारून घ्या, कारण घरात अचानक खर्च निघाला आणि कपात मार्चपर्यंत थांबवता येत नाही म्हणाले तर पंचाईत होते.

एप्रिलमध्ये जुनी प्रणाली सांगितली, रिटर्न भरताना नवी निवडली तर?

पगारदारांना, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, रिटर्नच्या वेळी प्रणाली बदलता येते. जास्त कापलेला टीडीएस परतही मिळतो. पण वर्षभर कापलेला व्हीपीएफ परत मिळत नाही. तो पीएफमध्ये गेला, त्याला आता पीएफचेच नियम. म्हणून फक्त ८०सी भरण्यासाठी व्हीपीएफ लावू नका. प्रणाली बदलल्यावर ते कारण उडून जातं आणि पैसे मात्र तिथेच राहतात.

नोकरी सोडून पैसे काढले तर कर लागतो का?

सलग पाच वर्षं सेवा झालेली नसताना काढले तर हो, व्हीपीएफसकट. जुन्या प्रणालीत त्यावर घेतलेली ८०सीची सूटही परत द्यावी लागते, आणि ५०,००० पासून पुढच्या रकमेवर १० टक्के टीडीएस जातो. पाच वर्षांत आधीच्या कंपनीतली वर्षं धरली जातात, पण खातं नव्या नोकरीत हस्तांतरित केलं असेल तर. नवीन ठिकाणी व्हीपीएफ आपोआप सुरू होत नाही, पुन्हा लिहून द्यावा लागतो.

कापलेले पैसे खरंच जमा होतात हे कसं कळेल?

`passbook.epfindia.gov.in` वर किंवा उमंग अॅपमध्ये पासबुक उघडा. तिथे व्हीपीएफचा वेगळा रकाना शोधू नका, तो नसतो. व्हीपीएफ तुमच्या हिश्शातच मिसळलेला दिसतो. चिंचवडच्या उदाहरणात कर्मचाऱ्याच्या रकान्यात ५,४०० नव्हे, ११,४०० दिसले पाहिजेत. कंपनीला एका महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे एप्रिलची कपात मे महिन्याच्या उत्तरार्धात शोधा.

मी पूर्वी एका ठिकाणी होतो, तिथे नवीन सॉफ्टवेअर आल्यावर तीन महिने पगारातून व्हीपीएफ कापला जात होता, पण पीएफच्या मासिक विवरणपत्रात फक्त १२ टक्केच जात होते. स्लिपवर सगळं बरोबर दिसत होतं. एका फिटरने पासबुक उघडून दोन आकडे शेजारी ठेवले, म्हणून ते सापडलं. तुम्हीही व्हीपीएफ सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात एकदा आणि पगारवाढीनंतर एकदा स्लिप आणि पासबुक जुळवून पाहा. फरक दिसला तर त्या महिन्याची स्लिप जोडून पगार विभागाला लेखी कळवा, तोंडी नको.